सात वर्षं पूर्ण झाली की मुलगा बापाचा?

"ताई, तलाक होऊन आठ महिने झाले. मेहेर आणि इद्दतीचा खर्च दिला, आता संबंध संपला, असं नवरा म्हणतो. मुलगा सातचा होत आलाय, झाला की घेऊन जाणार म्हणे. मुलगी पाच वर्षांची. शरियतपुढे कोर्टाचं काही चालत नाही, असं सगळेच सांगतात. खरंय का?"

नाही, खरं नाही. पण ते सांगणारे खोटारडे नाहीत, अर्धवट ऐकलेलं सांगतात. मालेगावची एक बाई अशीच माझ्याकडे आली होती. पिशवीतून तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला स्टँप पेपर काढला. 'सर्व हिशेब चुकता, यापुढे पोटगी मागणार नाही', खाली तिची सही. मेहेर १५ हजार, इद्दतीचे तीन महिने मिळून नऊ हजार. दोन पोरांचा त्यात उल्लेखही नव्हता.

मी तिला आधी सांगितलं, हा कागद टाकून देऊ नकोस, पण त्याला घाबरूही नकोस. पोटगीचा हक्क असा सहीने सोडता येत नाही, आणि मुलांचा हक्क तर आईला सोडताच येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. ते धर्म विचारत नाही. तलाक झालेली मुस्लिम स्त्रीही त्याखाली अर्ज करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ ला पुन्हा स्पष्ट केलं. १९८६ चा मुस्लिम महिलांचा कायदा हा जादा रस्ता आहे. त्याने आधीचा रस्ता बंद होत नाही. त्या कायद्यातही नवऱ्याने इद्दतीच्या काळात पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करून द्यायची असते, हे २००१ सालीच ठरलंय. नऊ हजारांत कसली तरतूद? दिलेली रक्कम कोर्ट हिशेबात धरतं, एवढंच.

तिच्या पहिल्या वकिलाने अर्जात फक्त तिचं नाव घातलं होतं. आम्ही दुरुस्ती करून दोन्ही मुलांची नावं अर्जदार म्हणून घातली आणि प्रत्येकाची रक्कम वेगळी मागितली. आईची पोटगी कधी अडलीच, तरी मुलांची चालू राहते.

मग उत्पन्नाची शपथपत्रं आली. २०२० पासून दोघांनीही ती द्यावीच लागतात. नवरा टेम्पो चालवतो. त्याने लिहिलं, महिन्याला १२ हजार. सोबतच्या बँकेच्या उताऱ्यात टेम्पोचा हप्ता होता १४,२०० चा, दर महिन्याच्या पाच तारखेला, न चुकता. मी पेन्सिलीने त्यावर खूण केली, बाकी काम वकिलांनी केलं. बाईनेही ब्लाऊज शिवून मिळणारे साडेतीन हजार लपवले नाहीत. थोडीफार कमाई आहे म्हणून पोटगी नाकारली जात नाही, पण लपवलेली कमाई उघडी पडली की बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. अंतरिम हुकूम झाला: तिला पाच हजार, मुलांना तीन-तीन हजार, अर्जाच्या तारखेपासून. कायदा म्हणतो, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत. इथे पाच महिने गेले.

आता मुलाचं. हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, हे बरोबर आहे. शिया पंथात वयं वेगळी. पण वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी हात धरून न्यायचा परवाना म्हणजे ते सात वर्षं नव्हेत. बापाला १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करावा लागतो, मूल राहतं तिथल्याच जिल्हा न्यायालयात किंवा कुटुंब न्यायालय असेल तर तिथे. कोर्ट व्यक्तिगत कायदा बघतं, पण मुलाच्या हितापुढे तो दुय्यम. शाळा कोण सोडतं, आजारपण कोण काढतं, बहीण-भाऊ एकत्र राहतील का, हे विचारतात. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचंही ऐकतात.

तिची चूक इथे झाली. भीतीपोटी तिने बापाला मुलाशी फोनवरही बोलू दिलं नाही, आणि हेच त्याने अर्जात पहिल्या परिच्छेदात लिहिलं. आम्ही स्वतःहून दर दुसऱ्या रविवारी दहा ते चार भेट देऊ केली, लेखी. शाळेतही लेखी कळवलं की मुलाला आईशिवाय कोणाच्या हाती देऊ नये. सुट्टीत महिनाभर पाठवायची वेळ आली तर परत आणण्याची तारीख कागदावर घ्या, असंही तिला सांगितलं. मूल तिकडे रुळलं, तिकडच्या शाळेत नाव घातलं, की कोर्ट कोणतं इथपासून वाद सुरू होतो.

मुलगा आता साडेसातचा आहे, आईकडेच. बापाचा अर्ज चालू आहे. पोटगी दोन महिने आली, नंतर थांबली. थकबाकीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून कोणत्या महिन्याचे आले आणि कोणत्याचे नाही, हे ती मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते. तुम्हीही आजपासून लिहायला लागा, आणि तो कागद व मुलांचे जन्मदाखले घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. महिलांना आणि मुलांना तिथे वकील फुकट मिळतो.