लाँग पिंपल्ससमोरची कट सर्व्हिस आणि तिसरा बॉल

प्रश्न : टेबल टेनिस क्लबमधले बहुतेक जण माझ्या उलट्या फिरकीच्या कट सर्व्हिसवर बॉल नेटमध्ये घालतात. पण बॅकहँडला लाँग पिंपल्स लावलेले एक काका तीच सर्व्हिस आरामात परत देतात. मी पुश केला की बॉल उंच उडतो आणि ते स्मॅश मारतात. टॉपस्पिन मारला तर पहिला बसतो, दुसरा नेटमध्ये जातो. माझे ब्लेड पाच प्लायचे, पूर्ण लाकडी आहे आणि दोन्हीकडे प्लेन रबर आहे. कार्बन ब्लेड घेतले तर फरक पडेल का?

उत्तर :

ब्लेड सध्या आहे तेच राहू द्या. तुम्ही वर्णन केलेल्या दोन्ही चुका, म्हणजे पुश उंच उडणे आणि दुसरा टॉपस्पिन नेटमध्ये जाणे, एकाच कारणातून घडतात आणि ते कारण काकांच्या रबराच्या पृष्ठभागात आहे. बॉल बॅटला साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेळच टेकलेला असतो. तेवढ्यात त्याची फिरकी थांबून उलटी होणार की तशीच चालू राहणार, हे मुख्यतः रबराची पकड ठरवते.

तुमच्या प्लेन रबरात दाणे आत, स्पंजकडे वळलेले असतात आणि बाहेरचा गुळगुळीत थर बॉलला चिकटून धरतो. कट सर्व्हिस अशा रबरावर आली की तो थर बॉलसोबत वर ओढला जातो आणि बॉल खाली ढकलला जातो, आणि खेळाडूने बॅट पुरेशी उघडली, म्हणजे वरच्या दिशेला कलती केली नसेल तर बॉल थेट नेटमध्ये उतरतो. क्लबमधल्या इतरांचे हेच होते. ज्याला रिसीव्ह करता येते तो बॅट उघडून बॉलच्या खालून घासतो, आलेली फिरकी मोडतो आणि उलट दिशेची स्वतःची फिरकी देतो. हाच पुश, आणि त्यामुळे कटला कटनेच उत्तर येते. हा व्यवहार आपल्या अंगवळणी इतका पडलेला असतो की पुशला पुश करताना आपण विचारही करत नाही.

लाँग पिंपल्सचे दाणे बाहेर असतात, उंच आणि बारीक असतात, आणि बॉल आदळताच वाकतात. त्यांची टोके बॉलला धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून बॉल त्यांच्यावरून घसरतो आणि ज्या दिशेने फिरत होता त्याच दिशेने फिरत राहतो. बदलते ती फक्त प्रवासाची दिशा. टेबलाच्या बाजूला उभे राहून पाहिले तर हे लगेच कळेल. तुमच्या कट सर्व्हिसमध्ये बॉलचा वरचा भाग तुमच्याकडे फिरत काकांकडे जातो. त्यांनी बॉल परत दिला तरी वरचा भाग तुमच्याकडेच फिरत असतो, पण आता बॉलही तुमच्याकडेच येत असतो, आणि हाच तर टॉपस्पिन. काकांचा हात पुशसारखा खाली गेला तरी फारसा फरक पडत नाही, कारण घासायला लागणारी पकडच त्या दाण्यांत नसते. तुम्ही त्यांचा हात पाहून कट समजता, बॅट उघडता, आणि टॉपस्पिनचा बॉल उघड्या बॅटवर चढून उंच जातो.

आता तुमची रॅली बॉल मोजत पुन्हा खेळून पाहू. पहिला बॉल तुमची कट सर्व्हिस. दुसरा बॉल काकांचा ‘पुश’, ज्यात खरे तर हलका टॉपस्पिन आहे. हलका अशासाठी की सर्व्हिसची फिरकी टेबलावरच्या दोन टप्प्यांत थोडी गळते आणि पिंपल्सवर आणखी थोडी. तिसऱ्या बॉलला तुम्ही बॅट किंचित बंद करून, फार न उचलता, पुढच्या दिशेने ड्राइव्ह मारला तर तो बसतो. चौथा बॉल काकांचा ब्लॉक. तुमच्या ड्राइव्हमधला टॉपस्पिन त्या दाण्यांवरून तसाच निसटून तुमच्याकडे कट बनून येतो, आणि तुम्ही जितका जोरकस टॉपस्पिन मारला असेल तितका हा कट जड असतो. प्लेन रबरवाल्याच्या ब्लॉकला आपण पुन्हा तसाच ड्राइव्ह मारतो. इथे पाचव्या बॉलला तोच फटका मारला की नेट ठरलेली. पाचव्याला एक तर शांतपणे पुश करायचा, किंवा गुडघे वाकवून, बॅट खालून वर नेत बॉल उचलायचा. पुश केलात तर सहावा बॉल पुन्हा हलका टॉपस्पिन किंवा जवळजवळ निर्जीव असतो, तो मारायचा. काकांचा हात वर गेला की खाली, हे पाहू नका. तुमच्या स्वतःच्या मागच्या फटक्यात कोणता स्पिन होता ते लक्षात ठेवा, येणारा बॉल त्याच्या उलट नावाचा असेल.

या हिशेबाला मर्यादा आहेत. जवळजवळ घर्षणच नसलेली पिंपल्सची रबरे २००८ पासून स्पर्धांमध्ये चालत नाहीत, त्यामुळे आजच्या रबरांवर फिरकी पूर्ण टिकत नाही. पिंपल्सखाली स्पंज आहे की नाही हेही महत्त्वाचे. बिनस्पंजाच्या रबरावर बॉल दाण्यांतून जवळपास लाकडावरच आदळतो, टणक ‘टक’ आवाज येतो आणि तुमची फिरकी जास्त प्रमाणात परत येते. स्पंज असेल तर बॉल आत रुतून थोडी पकड मिळते, परत येणारी फिरकी कमी होते, पण काकांना स्वतःहून फटका मारता येतो. सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याची बॅट हातात घेऊन पाहण्याचा हक्क तुम्हाला नियमानेच आहे. बॅट परत देताना कडेने स्पंज बघा आणि कोणत्या रंगाची बाजू पिंपल्सची आहे ते डोक्यात ठेवा. संकोचापायी बरेच जण बॅट नुसती उलटीपालटी करून परत देतात, ते कामाचे नाही.

मग सर्व्हिस कोणती करावी? लाँग पिंपल्सवाल्याचे भांडवल तुमच्याकडूनच येते, म्हणून ते कमी द्यायचे. पिंपल्सच्या बाजूला लांब, वेगवान, जवळपास फिरकी नसलेली सर्व्हिस टाका. तिच्यातून परत येणारा बॉल निर्जीव असतो, त्याची लांबी सांभाळणे त्यांना अवघड जाते, आणि तुम्हाला तिसऱ्या बॉलवर सपाट फटका मारता येतो. मात्र ती करताना हात कट सर्व्हिससारखाच फिरला पाहिजे. फरक एवढाच की बॉल बॅटच्या टोकाकडे घासण्याऐवजी मुठीजवळ घ्यायचा, जिथे बॅटचा वेग कमी असतो. साइडस्पिन वापरत असाल तर त्यातही फिरकी टिकून राहते. उजव्या हाताची नेहमीची पेंड्युलम सर्व्हिस जाताना तुमच्या उजवीकडे वळते, आणि पिंपल्सवरून येताना तीच फिरकी बॉलला तुमच्या डावीकडे वळवते. पाय आधीच हलवले नाहीत तर बॉल अंगावर येतो.

बॉलवरचा छापही बघायची सवय लावा. छाप वाचता येण्याइतका स्पष्ट दिसला तर फिरकी फार कमी आहे, धूसर झाला तर भरपूर आहे. फिरकी नसलेला बॉल हवेत किंचित डोलतोही, तेव्हा बॅट मागे कमी न्यायची आणि बॉल टप्पा पडल्यावर वर आला की घ्यायचा. आणि रंग पाहणे सोडू नका, कारण अनुभवी खेळाडू बोटांत बॅट फिरवून प्लेन रबर बॅकहँडला आणतात. मनिका बत्राने बॅकहँडला लाँग पिंपल्स ठेवून २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्ण मिळवले, आणि तिच्या खेळात हे बॅट फिरवणे सतत दिसते. बॅट फिरली की वरचा सगळा हिशेब त्या एका बॉलपुरता रद्द होतो, आणि खालून घासलेला पुश खरोखरच कट असतो. दोन बाजूंना दोन स्पष्ट वेगळे रंग असण्याचा नियम १९८०च्या दशकात आला तो याचसाठी. त्याआधी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण भिन्न गुणांची रबरे लावून खेळणारे होते आणि समोरच्याला काहीच कळत नसे.

शॉर्ट पिंपल्सशी गल्लत करू नका. ते दाणे बुटके आणि ताठ असतात, फारसे वाकत नाहीत, सहसा त्यांच्याखाली स्पंज असतो, आणि आलेल्या फिरकीचा त्यांच्यावर परिणाम कमी होतो. तिथून येणारा बॉल सपाट आणि वेगवान असतो, फिरकी उलटून येण्याचा प्रकार नसतो.

आता ब्लेड. नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावाच लागतो, म्हणजे ‘कार्बन ब्लेड’सुद्धा बहुतांशी लाकूडच असते. सर्व्हिस हा हलका, घासून केलेला स्पर्श आहे. बॉल रबराच्या वरच्या थरात आणि स्पंजात थोडासाच रुततो, लाकडापर्यंत त्याचा जोर फारसा पोहोचत नाही. म्हणून सर्व्हिसच्या स्पिनमध्ये कार्बनने पडणारा फरक तुमच्या मनगटाच्या वेगापुढे नगण्य आहे. फरक जाणवेल तो जोरात मारलेल्या फटक्यात, जिथे बॉल स्पंज दाबून ब्लेडपर्यंत पोहोचतो. लिंबा नावाच्या लाकडासारखे मऊ बाह्य प्लाय बॉलला क्षणभर जास्त धरतात आणि फिरकी द्यायला सवड देतात. कोटो लाकडासारखे कडक प्लाय, त्यात लगेच खाली कार्बनचा थर, बॉल लवकर आणि सपाट सोडतात. तुमची अडचण निर्जीव बॉलवरच्या नाजूक फटक्यांची आहे, तिथे वेगवान ब्लेड पुश आणखी उंच आणि लांब नेईल. उलट, काकांना मात्र ब्लेडचा फरक बराच पडत असेल, कारण बिनस्पंजाच्या रबराखाली लाकूडच स्पंजाचे काम करते. तसे खेळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव असा की कडक ब्लेडवर फिरकी अधिक परत जाते आणि मऊ ब्लेडवर बॉल आखूड ठेवणे सोपे जाते.

पैसे खर्चायचेच असतील तर रबरावर खर्चा, पण आधी आहे ते तपासा. स्वच्छ बॉल रबरावर दाबून ओढला तर तो अडखळायला हवा. सुळकन सरकला तर रबर धुळीने झाकले आहे किंवा संपले आहे. ओल्या स्पंजाने पुसून, वाळवून, वर प्लॅस्टिकची फिल्म लावून ठेवत जा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बॉल आणि रबर दोन्हींवर दमट थर बसतो, आणि चांगले रबरही घसरते, म्हणून त्या दिवसांत बॉल टॉवेलला पुसूनच सर्व्हिस करा. मग रिकाम्या टेबलावर आखूड कट सर्व्हिस टाका. पलीकडे दोन-तीन टप्प्यांनंतर बॉल थांबला किंवा नेटकडे मागे वळला तर तिच्यात खरोखर कट आहे. तो सरळ टेबलाबाहेर निघून गेला तर काकांकडून येणारा बॉल टॉपस्पिनचा नसून जवळपास निर्जीव असतो, आणि तिसऱ्या बॉलला बॅट बंद करण्याची गरज त्या मानाने कमी असते.