30°, 45° आणि 60° च्या किमती दोन त्रिकोणांतून

प्रश्न: तक्ता पाठ केला तरी ऐन पेपरात sin 30° आणि sin 60° ची अदलाबदल होते, tan चं तर काहीच आठवत नाही. दोन त्रिकोण काढून किमती मिळतात असं ऐकलंय, ते नक्की कसं करायचं?

उत्तर:

कच्च्या कामाच्या पानावर आधी एक समभुज त्रिकोण काढा, पट्टी नको, हातानेच काढा. प्रत्येक बाजू 2 घ्या. 2 च का ते पुढच्या दोन ओळींत कळेल. समभुज आहे म्हणजे तिन्ही कोन 60° चे. आता वरच्या टोकापासून खाली पायावर सरळ लंब टाका. या लंबाने त्रिकोणाचे दोन सारखे तुकडे होतात, त्यामुळे पायाचेही दोन सारखे भाग होतात, म्हणजे 1 आणि 1, आणि वरचा 60° चा कोनही अर्धा होऊन 30° चा होतो. उजवीकडचा तुकडा पुसून टाका. हातात राहिला तो आपला पहिला त्रिकोण, काटकोन आहे, एक कोन 60°, एक 30°, कर्ण 2 आणि खालची बाजू 1. सुरुवातीला बाजू 1 घेतली असती तर इथे अर्धा आला असता आणि पुढे सगळीकडे अपूर्णांकात अपूर्णांक झाले असते, 2 घ्यायचं कारण एवढंच.

उभी बाजू राहिली. पायथागोरसने 2 चा वर्ग 4, त्यातून 1 चा वर्ग वजा केला की 3, म्हणून उभी बाजू √3. इथे वजाबाकी आहे हे नीट बघा. बरेच जण सवयीने 4 आणि 1 ची बेरीज करतात आणि √5 लिहितात. आपली चूक झालीय का हे ओळखायला सोपं आहे, √5 म्हणजे साधारण 2.24, ते कर्णापेक्षा मोठं झालं, आणि काटकोन त्रिकोणात कर्णापेक्षा मोठी बाजू असूच शकत नाही. √3 म्हणजे साधारण 1.73, ते 1 आणि 2 च्या मधे बरोबर बसतं.

अदलाबदल कुठे होते? बाजू 1, √3 आणि 2 आहेत एवढं लक्षात राहतं, पण कोणती कुठे लिहायची हे राहत नाही. त्याला एकच नियम पुरतो, सगळ्यात लहान कोनासमोर सगळ्यात लहान बाजू. 30° सगळ्यात लहान, त्याच्यासमोर 1. 60° मधला, त्याच्यासमोर √3. 90° सगळ्यात मोठा, त्याच्यासमोर 2. आकृती तिरकी पडली, उलटी झाली, कशीही काढली तरी हे बदलत नाही.

आता किमती वाचा. वाचाच म्हणतोय, कारण आठवायचं काही उरलेलंच नाही. 30° च्या कोपऱ्यात बोट ठेवा. समोर 1, कर्ण 2, म्हणून sin 30° = 1/2. लगतची बाजू √3, म्हणून cos 30° = √3/2. समोरची भागिले लगतची, म्हणून tan 30° = 1/√3. आता बोट उचलून 60° च्या कोपऱ्यात ठेवा. त्रिकोण तोच, आकडे तेच, फक्त जी समोरची होती ती लगतची झाली आणि लगतची होती ती समोर गेली. sin 60° = √3/2, cos 60° = 1/2, tan 60° = √3. तक्त्यात sin 30° आणि cos 60° सारखे का दिसतात, याचं उत्तर इथेच मिळालं, ती एकाच त्रिकोणाच्या दोन कोपऱ्यांतून केलेली एकच गोष्ट आहे. पुस्तकात हेच sin (90° − θ) = cos θ असं सूत्र म्हणून येतं.

लगतची बाजू म्हणताना एक काळजी घ्या. काटकोन सोडून प्रत्येक कोनाला दोन बाजू लागून असतात आणि त्यातली एक नेहमी कर्ण असते, ती धरायची नाही. म्हणून आधी काटकोनाची खूण करायची, त्याच्यासमोर कर्ण लिहून टाकायचा, मग राहिलेल्या दोन बाजूंचा विचार करायचा. या क्रमाने गेलं की गोंधळ होत नाही.

दुसरा त्रिकोण त्याहून सोपा. बाजू 1 असलेला चौरस काढा, त्याचा एक कर्ण काढा, अर्धा चौरस पुसून टाका. 90° च्या कोपऱ्याचे दोन सारखे भाग होतात म्हणून 45° आणि 45°, दोन बाजू 1 आणि 1, आणि कर्ण √2, कारण इथे खरंच बेरीज आहे, 1 अधिक 1. म्हणून sin 45° आणि cos 45° दोन्ही 1/√2 आणि tan 45° म्हणजे 1 भागिले 1, म्हणजे 1. दोन्ही कोपरे सारखेच असल्यामुळे इथे अदलाबदल होण्याचा प्रश्नच नाही.

उत्तरात कधी 1/√2 दिसेल तर कधी √2/2, दोन्ही एकच आहेत, वर-खाली √2 ने गुणलं की पहिल्याचं दुसरं होतं. तसंच 1/√3 आणि √3/3 चं. छेदात वर्गमूळ ठेवू नका असं प्रश्नात म्हटलं असेल तर दुसरं रूप लिहा.

आता मनात शंका येईल की आपण 2 आणि 1 या लांबी स्वतःच ठरवल्या, मग किंमत सगळ्याच त्रिकोणांना कशी लागू पडेल. समभुज त्रिकोणाची बाजू 10 घेऊन बघा. अर्धा पाया 5, उभी बाजू √75 म्हणजे 5√3, मग sin 60° = 5√3/10, वरखाली 5 ने भागलं की पुन्हा √3/2. कोन तेच असले की त्रिकोण समरूप होतात, सगळ्या बाजू एकाच पटीत वाढतात आणि भागाकारात ती पट निघून जाते. खात्री हातानेच करायची असेल तर कंपासपेटीतले दोन गुण्ये काढा, ते हेच दोन त्रिकोण आहेत. निमुळत्या गुण्याच्या बाहेरच्या कडा मोजा, लांब कड आखूड कडेच्या दुप्पट भरेल, आखूड कड 6 सेंमी असेल तर लांब 12 आणि मधली साधारण 10.4.

हे त्रिकोण नुसत्या किमतींपुरते ठेवू नका, उदाहरणातही तेच काढा. नेहमी येणारं एक घेऊ. एका जागेवरून मनोऱ्याच्या टोकाचा उन्नत कोन 30° आहे, मनोऱ्याच्या दिशेने 40 मीटर पुढे गेल्यावर तो 60° होतो, उंची किती? नेहमीची पद्धत म्हणजे उंची h, अंतर x, दोन समीकरणं, मग x घालवायचा. चालतं, पण त्रिकोण डोक्यात असतील तर असं बघा. जवळच्या जागेवरून बनणाऱ्या त्रिकोणात जमिनीवरचं अंतर 1 भाग धरा, मग उंची √3 भाग. लांबच्या जागेवरून उंची तीच, √3 भाग, पण आता ती 30° च्या समोर आहे. पहिल्या त्रिकोणात 30° समोर 1 होता, इथे √3 आहे, म्हणजे सगळा त्रिकोण √3 पट मोठा, म्हणून लगतची बाजू √3 गुणिले √3, म्हणजे 3 भाग. लांबचं अंतर 3 भाग, जवळचं 1 भाग, फरक 2 भाग, आणि तो फरक 40 मीटर दिलाय. 1 भाग 20 मीटर, उंची 20√3 मीटर, साधारण 34.64 मीटर.

याच आकृतीत पडताळाही आहे आणि मला तो फार आवडतो. दोन जागा आणि मनोऱ्याचं टोक जोडून जो बाजूचा त्रिकोण होतो त्यात लांबच्या जागेवर 30°, जवळच्या जागेवर 180° मधून 60° गेले म्हणजे 120°, मग टोकाशी राहिले 30°. दोन कोन सारखे, म्हणजे समद्विभुज, म्हणजे जवळच्या जागेपासून टोकापर्यंतची तिरकी रेषाही 40 मीटर. ती 60° च्या त्रिकोणाचा कर्ण आहे, उंची 40 गुणिले √3/2, परत 20√3. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की पुढच्या प्रश्नाकडे बिनधास्त जा.

पेपरात वेळ कमी असेल आणि लिहिलेली किंमत खरी का एवढंच बघायचं असेल तर दशांशात विचार करा. sin च्या किमती 0.5, 0.71, 0.87 अशा चढत जातात, cos च्या त्याच उलट उतरतात, tan च्या 0.58, 1, 1.73. sin किंवा cos 1 पेक्षा मोठा आला तर तुम्ही भागाकार उलटा केलाय. tan 45° च्या एका बाजूला 1 पेक्षा लहान आणि दुसऱ्या बाजूला 1 पेक्षा मोठा, म्हणून tan 30° ला √3 लिहिलं तर लगेच खटकायला हवं.

√0, √1, √2, √3, √4 लिहून सगळ्यांना 2 ने भागायची युक्तीही तुम्ही ऐकली असेल. sin ची ओळ त्यातून पटकन होते, चुकीचं त्यात काही नाही, पण ती उलटी लिहायची का सुलटी हे परत पाठच करावं लागतं, आणि मनोऱ्याच्या गणितात तिचा काही उपयोग होत नाही.

0° आणि 90° मात्र या दोन त्रिकोणांतून मिळत नाहीत, तिथे त्रिकोणच उरत नाही. 30° चा कोन हळूहळू मिटत 0° कडे नेला तर समोरची बाजू शून्याकडे जाते आणि लगतची बाजू कर्णाएवढी होत जाते, म्हणून sin 0° = 0 आणि cos 0° = 1. 90° ला उलट, आणि तिथे tan ला शून्याने भागावं लागतं म्हणून तो काढता येत नाही. 15° आणि 75° पुढे बेरीज-वजाबाकीच्या सूत्रांनी याच किमतींतून निघतात.

घरी कॅल्क्युलेटरवर ताडून बघताना sin 30 ला 0.5 ऐवजी −0.988 आलं तर तुमचा त्रिकोण बरोबरच आहे, कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, त्याचा मोड DEG करा.