लिमिट t वर अवलंबून असलेलं कन्व्होल्यूशन: u(-t) पुसू नका

> x(t) = e^(3t)·u(-t) आणि h(t) = u(t-2) यांचं कन्व्होल्यूशन करतोय. 0 ते t लिमिट घेतली तर काहीच जुळत नाही. वरची लिमिट t-2 घेतली तर अर्धं उत्तर बरोबर येतं, पण पुढे ते वाढतच जातं. पुस्तकातल्या उत्तरात 1/3 आहे. तो कुठून आला?

हा प्रश्न वाचला आणि माझी दुसऱ्या वर्षाची उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आली. नेमकी हीच चूक मी केली होती आणि त्या पेपरातला सगळ्यात मोठा प्रश्न त्यात गेला. व्याख्या, उलटवणं, सरकवणं तुम्हाला येतंय असं धरून चालतो.

आधी 0 ते t बद्दल. मी ज्या शिकवणीला जायचो तिथल्या नोट्समध्ये हेच सूत्र चौकटीत छापलेलं होतं, खाली एकही अट नव्हती. अट अशी की दोन्ही सिग्नल 0 च्या आधी शून्य असले पाहिजेत. तुमचा x(t) तर 0 च्या आधीच जिवंत आहे आणि नंतर शून्य होतो, त्यामुळे ते सूत्र इथे लागूच नाही. अट गाळून सूत्र पाठ करायला लावणं मला आजही चुकीचं वाटतं. विद्यार्थ्याला उदाहरण सुटतं, पण का सुटलं ते कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. h(t-τ) म्हणजे u(t-τ-2), आणि तो 1 असतो फक्त τ < t-2 असताना. मी इथपर्यंत बरोबर आलो होतो. मग इंटिग्रलच्या आत नुसतं e^(3τ) लिहिलं आणि u(-τ) गाळला, कारण "एक स्टेप वापरून झाली" असं डोक्यात बसलं होतं. पण स्टेप दोन आहेत. दुसरी सांगते की τ < 0 हवा. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या म्हणजे वरची लिमिट या दोघांतली लहान:

y(t) = ∫ e^(3τ) dτ, −∞ पासून min(0, t-2) पर्यंत

उलटवलेल्या स्टेपची कड t-2 वर असते. t वाढेल तशी ती उजवीकडे सरकते. t = 1 घ्या: कड −1 वर आहे, इंटिग्रल −1 ला थांबतं, उत्तर e^(-3)/3, म्हणजे साधारण 0.017. t = 2 ला कड बरोबर 0 वर येते. t = 2.5 ला कड 0.5 वर गेलेली असते, पण 0 च्या पुढे x(τ) मध्ये काहीच नाही, तेव्हा इंटिग्रल 0 लाच थांबतं. म्हणून:

t < 2 : y(t) = e^(3(t-2))/3
t ≥ 2 : y(t) = 1/3

u(-τ) पुसला तर t = 2.5 ला e^(1.5)/3, म्हणजे जवळजवळ 1.49 येतं. इथेच शंका यायला हवी होती. स्टेपशी कन्व्होल्यूशन म्हणजे मागचं सगळं क्षेत्रफळ साठवत जाणं (इथे 2 एककं उशिराने), आणि x(t) खालचं एकूण क्षेत्रफळच 1/3 आहे. जेवढं क्षेत्रफळ मुळात आहे, त्याच्या चौपटीहून जास्त कुठून साठणार? तुम्ही विचारलेला 1/3 हाच.

माझं मत, पटलं तर घ्या: चित्र काढल्याशिवाय लिमिट लिहूच नका. पण चित्रातही x(τ) ची कड 0 वर ठळक काढा. मी सरकणाऱ्या स्टेपचं चित्र नीट काढलं होतं, एक्स्पोनेन्शियलची रेघ मात्र 0 च्या पुढे तशीच ओढली होती. काहींना min, max वापरणं जड वाटतं. त्यांनी t < 2 आणि t ≥ 2 अशा दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात, फक्त त्या इंटिग्रल सोडवण्याआधी लिहाव्यात.

एक सावधगिरी: हे चाललं कारण e^(3t) डावीकडे विरत जातो. e^(-3t)·u(-t) दिला असता तर −∞ कडचं इंटिग्रल बेलगाम वाढलं असतं आणि y(t) अस्तित्वातच नसता. मी फक्त याच प्रकाराबद्दल बोलतोय. दोन्ही बाजूंना पसरलेले सिग्नल असतील तर तुकडे वेगळे पडतील.

वेळ असेल तर उलट बाजूनेही करा: x उलटवा आणि h तसाच ठेवा. तेव्हा खालची लिमिट max(t, 2) येते आणि वरची ∞. तुकडे t = 2 लाच पडले पाहिजेत. घाई असेल तर उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या, ते x(t-2) यायला हवं. इथे t < 2 साठी e^(3(t-2)) मिळतं आणि t > 2 साठी 0. माझ्या तेव्हाच्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह 2 नंतरही e^(3(t-2)) च राहत होतं. ती एक ओळ पेपरात लिहून पाहिली असती तर गाळलेला u(-τ) तिथल्या तिथे सापडला असता.