दोन तिकिटं वेगळी असली, तरी विमान चुकल्याचा खर्च मागता येतो

प्रश्न: दुबई–मुंबई विमान ११ तास उशिरा आलं. पहाटे साडेपाचऐवजी दुपारी साडेचारला उतरलो. साडेअकराचं मुंबई–कोल्हापूर विमान गेलं; ते तिकीट दुसऱ्या कंपनीचं, वेगळं काढलेलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून रात्री हॉटेलात राहून सकाळच्या विमानाने आलो. हॉटेल ४,८००, टॅक्सी ९००, जेवण १,१००, दोघांची नवी तिकिटं १४,४००, बुडालेली तिकिटं ७,८००. पहिली कंपनी म्हणते, वेगळ्या तिकिटाशी आमचा संबंध नाही. काही मिळेल का?

उत्तर: मागा. तुमची बाजू चांगली आहे. मी कोल्हापुरात वकिली करतो आणि ग्राहक आयोगातली कामं बघतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. उशीर झाला की विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमांचा हवाला सगळे देतात, पण ते नियम मुख्यतः विमानतळावर ताटकळताना खाणं, मोठ्या उशिरात हॉटेल, यासाठी आहेत. मुंबईत उतरल्यावर पुढे झालेला खर्च त्यात बसत नाही. तुमचा प्रवास आंतरराष्ट्रीय होता, त्यामुळे तुमचा आधार १९९९ चा माँट्रियल करार. भारत आणि अमिराती दोघेही त्यात आहेत, आणि आपल्याकडे तो १९७२ च्या कॅरेज बाय एअर कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. त्यातलं कलम १९ सांगतं की उशिरामुळे झालेलं नुकसान कंपनीने भरायचं. सुटका हवी असेल तर उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं, हे कंपनीनेच सिद्ध करायचं. ‘ऑपरेशनल कारणं’ एवढं लिहून ते सिद्ध होत नाही. म्हणून आजच ईमेल करून उशिराचं नेमकं कारण आणि उशिराचा दाखला मागा. धुकं किंवा वादळ निघालं तर तुमची बाजू कमजोर होते. नेहमीचा तांत्रिक बिघाड असेल तर कंपनीला सुटणं अवघड जातं.

आता ‘वेगळं तिकीट’ या उत्तराबद्दल. एकच पीएनआर असता तर पुढचं विमान मिळवून देणं त्यांचंच काम होतं. तसं नाही, म्हणून फुकट दुसरं तिकीट मागू नका, झालेलं नुकसान मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रेल्वेच्या एका प्रकरणात हेच पाहिलं. गाडी चार तास उशिरा जम्मूला पोहोचली, कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं, विमानाचं बुकिंग अर्थातच वेगळं होतं. उशिराचं कारण रेल्वेला सिद्ध करता आलं नाही, म्हणून टॅक्सीचा आणि बुकिंगचा खर्च द्यावा लागला. तो निकाल रेल्वेचा असला, तरी युक्तिवादात नक्की वापरा. दोन विमानांत तुम्ही सहा तास ठेवले होते, हे अर्जात ठळक लिहा. कुणी दीडच तास ठेवला असता, तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो.

आकड्यांकडे नीट बघा, कारण अर्ज इथेच फसतात. सगळी बेरीज २९,००० होते, पण जुनं आणि नवं तिकीट दोन्ही मागता येत नाहीत. उशीर झाला नसता तरी ७,८०० खर्च झालेच असते. जादा खर्च म्हणजे नवी तिकिटं, हॉटेल, टॅक्सी आणि जेवण, मिळून २१,२००. शिवाय चुकलेल्या तिकिटावरचे विमानतळ शुल्क आणि सरकारी कर प्रवास न केल्यास परत मिळतात. ते दुसऱ्या कंपनीकडून मागून घ्या आणि आलेली रक्कम या २१,२०० मधून वजा करा. असा हिशेब दिला की समोरच्याला बोट ठेवायला जागा राहत नाही.

कंपनी एक प्रश्न हमखास विचारेल: रात्रीच्या बसने किंवा महालक्ष्मीने कोल्हापूर गाठता आलं असतं, मग हॉटेल कशाला? नुकसान वाढू न देणं हे तुमचंही काम असतं, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे, पण कागद हवा. आईंच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि प्रवासाबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. हॉटेलचं बिल तुमच्या नावावर हवं, बोर्डिंग पासही जपा. कंपनीने व्हाउचर देऊ केलं तर ‘संपूर्ण व अंतिम तडजोड’ असं कुठे लिहिलंय का ते पाहूनच स्वीकारा.

आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पंधरा दिवसांची मुदत देऊन ईमेल करा, सोबत विमान प्रवाशांसाठीच्या एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. दाद लागली नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात या. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथे दावा लावता येतो. ‘प्रवास मुंबईत संपला, कोल्हापूरचा काय संबंध’ अशी हरकत येईल. त्यावर म्हणणं असं मांडायचं की दावा कोणत्या देशात लावायचा ते माँट्रियल करार ठरवतो, देशातलं कोणतं शहर ते इथला कायदा ठरवतो. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. मुंबईत उतरल्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत तो दाखल व्हायला हवा. कंपनीशी ईमेल चालू होते म्हणून ही मुदत वाढत नाही.