उधारीचे मार्क सगळ्यात शेवटी

पोरी,

तुझा तक्ता बघितला. कांदा-लसूण मसाल्यासाठी ब्याडगी मिरची देणारे दोन व्यापारी, वेळ, माल, उधारी प्रत्येकी दहापैकी मार्क, आणि खाली बेरीज. पहिल्याला ४, ६, १० म्हणजे वीस, दुसऱ्याला ८, ८, ३ म्हणजे एकोणीस. एका मार्कानं पहिला जिंकला आणि तरी तू रात्री अकराला मला विचारतेस की काका, मन का होत नाहीये. मन बरोबर सांगतंय, बेरीज चुकीची आहे.

उधारीचे मार्क मालाच्या मार्कात मिसळायचेच नाहीत. उधारी म्हणजे पैसे, तिची किंमत रुपयात काढता येते, मग मार्क कशाला? तू २०० किलो घेतेस, भाव २२०, म्हणजे ४४ हजार. तीस दिवसांची उधारी मिळाली तर तुझं काय वाचलं? बँकेचं व्याज वर्षाला अठरा टक्के धर, महिन्याला दीड, ६६० रुपये झाले. दुसरा किलोला दोन रुपये जास्त लावतो, ते ४०० मिळव. पहिल्याचा फायदा एकूण १,०६० रुपये, त्याच्यापुढे दहापैकी दहा नाही, फक्त १,०६०.

आता मालाकडे ये. एफएसएसएआयच्या नियमात अख्ख्या मिरचीत ओलावा ११ टक्क्यांच्या वर चालत नाही, पण पोत्यात मिरची तुटू नये आणि वजन भरावं म्हणून पाणी मारणारे आहेत, हे तुला कुणी सांगायला नको. समज दुसऱ्याचा माल १० टक्क्यांचा आणि पहिल्याचा १४ चा. २०० किलोत आठ किलो जास्तीचं पाणी आलं, २२० च्या भावानं १,७६० रुपये. उधारीचा फायदा तिथंच संपला, आणि त्यात ओल्या पोत्याला येणारी बुरशी धरलेलीच नाही.

हे तपासायला लॅब लागत नाही. पोत्याच्या तोंडाचा माल बघू नकोस, तिथं सगळे चांगलाच भरतात, मधला काढ. सुकी मिरची वाकवली की कडकन मोडते, हलवली की बिया वाजतात, ओली चामड्यासारखी वाकते. एक किलो मोजून कडक उन्हात दोन दिवस पसर आणि परत मोज, दोघांच्याही मालाचं एकाच दिवशी, म्हणजे ऊन सारखं मिळतं. आणि पहिल्या दिवशी दाखवलेला नमुना हवाबंद बरणीत अंधारात ठेव, उजेडात रंग उडतो मग तुलना काय करणार. प्रत्येक पोतं त्या बरणीशी ताडून बघ, कालच्या पोत्याशी नाही, कारण माल हळूहळू घसरतो आणि कालच्याशी ताडलं तर कळतच नाही.

वेळेचे मार्क तू कसे दिलेस? आठवणीवरून ना? वहीत तीन रकाने कर, त्यानं सांगितलेली तारीख, आलेली तारीख, पूर्ण आला का. दोनशेपैकी दीडशे आला तर तो वेळेत आलेला नाही, मग तो फोनवर कितीही गोड बोलू दे. "उद्या पाठवतो" म्हणून चौथ्या दिवशी पाठवणाऱ्यापेक्षा "चार दिवस लागतील" म्हणून चौथ्या दिवशी पाठवणारा मला हजारदा चालेल. कधी दोन तर कधी नऊ दिवस लावणाऱ्यासाठी तुला नऊ दिवसांची मिरची घरात भरून ठेवावी लागते, नाहीतर कांडप बंद आणि बायका बसून. त्या जास्तीच्या मालात तुझेच पैसे अडकले, म्हणजे उधारी त्यानं एका हातानं दिली आणि दुसऱ्या हातानं काढून घेतली.

मला लोक खवट म्हणतात, रोखीचा माणूस म्हणतात. म्हणू देत. पण उधारी असली की तोंड बंद होतं हे मी बाजारात उभं राहून बघितलंय. ४४ हजार द्यायचे बाकी असताना ओलं पोतं परत घे म्हणायला जीभ रेटत नाही आणि समोरच्याला ते पक्कं माहीत असतं! म्हणून पैशाच्या बाबतीत सैल कोण हे दिवसांवरून ठरवू नकोस. एक पोतं परत पाठवून बघ, तो बिलातून वजा करतो की मागची बाकी काढून दाखवतो, तेच बघ. दुसऱ्याला विचारलंस का कधी, की निम्मे आत्ता आणि निम्मे पंधरा दिवसांनी चालतील का? तीन मार्क देऊन मोकळी झालीस, न विचारताच.

तर वही सुरू कर, पुढचे चार महिने दोघांकडूनही थोडी थोडी घे, सगळी एकाकडून नको, आणि तो बेरजेचा रकाना आजच खोड. दुसऱ्याला उद्या सकाळी फोन कर, दुपारी नको, दुपारी सौद्यात असतो.

काका

ता.क. देठासकट माल घेत असशील तर दोघांच्या एका किलोचे देठ काढून मोज. तिथंही फरक निघेल, आणि तोही रुपयातच लिही.