तक्रार येते, पण उलट बाजूने

प्रश्न : अंबडमधल्या ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात महिन्यापूर्वी मशीन शॉपचा मॅनेजर झालो. हाताखाली अठरा जण. कोणाचीच तक्रार नाही, पण एका नवीन पोराभोवती काहीतरी चाललंय असं सारखं वाटतं. कोणी तोंड उघडायच्या आत ओळखायचं कसं?

उत्तर : सर, ज्याला त्रास होतो तो तुमच्या केबिनमध्ये यायला बहुतेक वेळा महिने लागतात. त्याच्या आधी त्याच्याविरुद्धची तक्रार येते. "साहेब, त्या पोराला जमत नाही", "त्याचं रिजेक्शन बघा", "ऐकतच नाही कोणाचं." नवीन मॅनेजर हे कामातलं कच्चेपण समजतो आणि पोराला समज देतो. म्हणजे त्रास देणाऱ्याचं उरलेलं काम आपणच पूर्ण करतो. म्हणून एकाच माणसाबद्दल दोन-तीन जण जवळपास त्याच शब्दांत बोलू लागले, की त्या माणसाकडे बघण्याआधी रजिस्टर उघडावं.

सातपूरमधल्या एका शॉपमधलं उदाहरण सांगतो, मी जवळून पाहिलेलं. दुसऱ्या पाळीला, दुपारी तीन ते रात्री अकरा, सीएनसी लेथवर एक आयटीआय झालेला पोरगा होता. सुरगाण्याकडचा, श्रमिकनगरला खोली घेऊन राहायचा. त्याचं रिजेक्शन सगळ्यांत जास्त. महिन्याच्या बेरजेत चित्र अगदी स्पष्ट दिसत होतं, पण महिन्याची बेरीज इथे उपयोगाची नसते. तासाचे आकडे काढले तेव्हा दिसलं की त्याचे जवळजवळ सगळे खराब पीस पाळी सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासातले आहेत. साडेतीननंतर त्याचं काम इतरांइतकंच चोख.

पहिल्या अर्ध्या तासात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कापणारा इन्सर्ट झिजत जातो तसा पीसचा व्यास वाढतो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढायचा मशीनमधला आकडा, थोडा थोडा मायनसमध्ये नेतो. समजा तो ६० मायक्रॉनपर्यंत गेला. आता आधीच्या पाळीच्या सेटरने जाता जाता इन्सर्टची धार बदलली, ऑफसेट परत घेतला नाही आणि पुढच्याला सांगितलंही नाही, तर नव्या धारेवर पीस तेवढाच बारीक निघणार. जाड पीस पुन्हा घेता येतो, बारीक पीस थेट भंगारात. फर्स्ट पीसचा रिपोर्ट क्वालिटीकडून यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर प्रॉडक्शन थांबवलं म्हणून बोलणी नकोत, या भीतीने पोरगा मशीन चालू ठेवायचा. रिपोर्ट हातात येईपर्यंत पाच-सहा पीस गेलेले, आणि रजिस्टरला नाव त्याचं.

आता हा विसराळूपणा की मुद्दाम? यासाठी दोन तुलना कराव्या लागतात आणि दोन्ही करायच्या. पहिली : हाच पोरगा दुसऱ्या कोणाकडून मशीन घेतो त्या दिवशी काय होतं? तिथे त्याचं काम साफ होतं. दुसरी : याच सेटरकडून दुसरा ऑपरेटर मशीन घेतो तेव्हा? तिथेही साफ. सेटर मुळातच विसराळू असता तर सगळ्यांचेच पीस गेले असते, आणि पोरगा कच्चा असता तर त्याचे रोजच गेले असते. फक्त या दोघांची गाठ पडली की नुकसान, हे मात्र लक्षण आहे. कामाच्या ठिकाणच्या छळाचा अभ्यास करणारे जी प्रश्नावली सर्वाधिक वापरतात, तिच्यातली पहिलीच बाब ही आहे : कामावर परिणाम होईल अशी माहिती तुमच्यापासून कोणी दडवतं का? आरडाओरडा, शिवीगाळ सगळ्यांना दिसते. न सांगितलेली गोष्ट कुठेच दिसत नाही, म्हणून ती शोधावी लागते.

हे कळल्यावर लगेच पोराला बोलावून "कोण त्रास देतो?" विचारू नका. काचेच्या केबिनमधून सगळं शॉप बघत असतं. तो "काही नाही सर" म्हणेल आणि बाहेर गेल्यावर त्याची किंमत मोजेल. आधी नियम बदला, सगळ्यांसाठी. पाळी बदलताना लॉगबुकमध्ये ऑफसेटची किंमत आणि धार कधी बदलली ते लिहायचं, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांची सही, आणि फर्स्ट पीसचा रिपोर्ट येईपर्यंत मशीन बंद. त्या वेळेचा हिशोब कोणाच्या नावावर नाही. मग पुढचे काही आठवडे नीट बघा. निव्वळ पद्धतीतली चूक असेल तर रिजेक्शन उतरतं आणि विषय मिटतो. छळ असेल तर एक दार बंद झालं की तो दुसरीकडून येतो.

त्या शॉपमध्ये तो दुसरीकडून आला. रिजेक्शन उतरलं, पण चिप्सची ट्रॉली ओढणं आणि कूलंटची टाकी साफ करणं, जे पाळीपाळीने व्हायचं, ते रोज त्याच्याकडेच येऊ लागलं. त्याची ओटी कमी झाली. त्याने पाळी बदलून मागायला सुरुवात केली, कारण विचारलं तर "घरचं काम". आणि एक गोष्ट कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हती : अडचण आली की शेजारच्या सेटरला विचारायचं सोडून तो लांब क्वालिटीच्या टेबलापर्यंत चालत जायचा. माणूस जवळचा रस्ता टाळतो तेव्हा त्या रस्त्यावर कोण उभं आहे ते बघा.

यातली एखादी खूण एकटी काही सिद्ध करत नाही. कोणी स्वभावाने अबोल असतं, कोणाच्या घरी खरंच आजारपण असतं. कडक सुपरवायझर सगळ्यांशी कडक असेल तर तो छळ नव्हे. हाइन्झ लेमान या स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञाने आठवड्यातून एकदा तरी आणि सहा महिने, अशी मर्यादा धरली होती. ती संशोधनासाठी ठीक आहे. सहा महिन्यांत आपला पोरगा गावी निघून गेलेला असतो.

बोलायचं तर सगळ्यांशी बोला, ठरावीक वाराला, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे त्याचा नंबर वेगळा दिसत नाही. प्रश्न कामाचे ठेवा : मशीन कशा स्थितीत मिळतं? अडलं तर कोणाला विचारतोस? साफसफाई कोणाकडे असते? याची उत्तरं लोक देतात.

एक बाब मात्र थांबून बघायची नाही. आपल्याकडे पेठ, सुरगाणा, कळवणची आदिवासी पोरं बरीच आहेत आणि "ए सुरगाणा" अशी हाक गंमत म्हणून खपते. ती आजच बंद करा. जातीवरून अपमान होत असेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. बाईमाणसाला लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती आहे. अशा वेळी तुलना, आठवडे वगैरे काही नाही, त्याच दिवशी एचआरला लेखी कळवायचं आणि स्वतः तपास करायचा नाही.

सेटरशी बोलताना पोराचं नाव काढू नका. त्या शॉपच्या मॅनेजरने लॉगबुक समोर ठेवलं, तारखा दाखवल्या आणि एवढंच विचारलं, "या दिवशी धार बदलली, खाली नोंद का नाही?" साफसफाईचा तक्ता स्वतः लिहून भिंतीवर लावला. ओटीची यादी सुपरवायझरच्या हातातून काढून स्वतःकडे घेतली. पोराने बदली मागितली होती, ती त्यांनी दिली नाही. सेटरलाच जनरल शिफ्टला, थेट स्वतःच्या नजरेखाली आणलं. सोसणाऱ्याला हलवलं असतं तर उरलेल्या सगळ्यांना कळलं असतं की इथे जायला कोणाला लागतं.