आढावा एकाच प्रबंधाच्या वळणानं गेला असेल तर

"बेळगावात एम.ए.चा लघुप्रबंध करतेय, विषय सीमाप्रश्न. पूर्वसंशोधनाचा आढावा एका जुन्या प्रबंधाच्या क्रमानं लिहिलाय. वाक्यं माझी आहेत, संदर्भही दिलेत. तरी गाइड म्हणतात, हा आढावा तुझा नाही. चुकतंय काय?"

कुठला मुद्दा आधी घ्यायचा, कुणाला दोन पानं आणि कुणाला एक ओळ द्यायची, हे त्या प्रबंधकारानं स्वतःच्या प्रश्नासाठी ठरवलं होतं. तुम्ही वाक्यं बदललीत, पण हा निवाडा त्यांचाच राहिला. तुमच्या तळटिपा त्यांच्या तळटिपांशेजारी ठेवून बघा. नावं त्याच क्रमानं येत असतील, तर गाइडना तेच दिसलंय. दुसरी भीती उसन्या संदर्भांची. माझ्या पहिल्या मसुद्यात मी एका अहवालाचा पृष्ठक्रमांक असाच उचलला होता. मूळ अहवाल उघडला, तर त्या पानावर ते विधानच नव्हतं.

मग मी हिशेबाची आडवी वही घेतली. डावीकडे एकेक साधन आणि वर माझे प्रश्न. तुम्ही एकच रकाना भरून बघा: सीमा ठरवताना घटक कोणता धरला?

फाजल अली आयोगानं १९५५ च्या अहवालात साधारणपणे जिल्हा धरला. पण १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तो चंदगड तालुका वगळून. महाराष्ट्राची मागणी खेडं हा घटक धरून होती, म्हणून तिथं ८१४ गावं दिसतात. महाजन आयोगानं १९६७ मध्ये गावांच्या याद्या केल्या, निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला सुचवली, पण बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं.

जुन्या प्रबंधात ही तीन वेगळी प्रकरणं असतील. रकान्यातून उभं वाचलं की एकच वाद दिसतो: घटक बदलला की गावाचं राज्य बदलतं, आणि शहरापाशी आल्यावर खेड्याचा निकष पुरत नाही. तुमचा परिच्छेद या वाक्यानं सुरू होऊ द्या, अहवालाच्या नावानं नको. तिन्ही साधनं एकाच परिच्छेदात पुरावा म्हणून येतील.

या रकान्यात कन्नड लेखकही हवेत. तुम्ही बेळगावात आहात, कन्नड वाचता येत असेल तर ही संधी सोडू नका. मराठी साधनांवरच उभा असलेला आढावा एका बाजूचा राहतो. कुठला चौकोन रिकामा राहिला तर लगेच 'यावर संशोधन झालेलं नाही' असं लिहू नका. आधी दुसऱ्या भाषेत शोधा.

सुरुवातीच्या पार्श्वभूमीत कालक्रम राहिला तर हरकत नाही, तो कुणाच्या मालकीचा नसतो. त्या प्रबंधाची एखादी वर्गवारी खरंच पटली असेल, तर 'ही विभागणी अमक्यांची' असं मजकुरातच सांगा, नुसत्या तळटिपेत नको. वहीत त्या प्रबंधालाही एक ओळ द्या, बाकीच्यांइतकीच, आणि घटकाच्या रकान्यात त्यांनी काय गृहीत धरलंय ते लिहा.